गिलासातलं जेवण

(भिवंडीतील एका वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा छापील मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, ते रुग्णाला औषध लिहून देण्याआधी विचारायचे, "आज काय खाल्लंत?" आजचा विषय मी त्याच प्रश्नावरून घेतला. विषय साधा आहे, सत्तूचं सरबत. धामणकर नाक्यापासून शांतीनगरपर्यंत एप्रिल-मे महिन्यांत चालत गेलात तर या सरबताच्या गाड्या तुम्हाला जागोजागी दिसतील. लाल फडक्याने झाकलेला माठ, पिठाचा ढीग, त्यावर खोचलेल्या हिरव्या मिरच्या आणि लिंबं. गाडीवाला मूठभर पीठ गिलासात टाकतो, थोडं पाणी घालून गुठळ्या मोडतो, मग काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिरलेला कांदा, पुदिना, लिंबू घालतो आणि पाण्याने गिलास भरून वर घोटणी फिरवतो. पिणारा उभ्याउभ्याच पितो आणि तळाशी बसलेलं पीठ बोटाने निपटून घेतो.

हे पेय इथे आलं ते मागांच्या मागोमाग. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेली माणसं कामाला लागली, एकेका खोलीत सहा-सात जण राहू लागले, भिस्सीवर जेवू लागले आणि गावाकडून येताना पिशवीतून सत्तू आणू लागले. मेष संक्रांतीला, म्हणजे 13-14 एप्रिलच्या सुमारास, त्यांच्याकडे सतुआन साजरं होतं. नव्या हरभऱ्याचा सत्तू आणि कच्ची कैरी खायचा तो दिवस. आपल्याकडेही सातूचं पीठ आहेच, पण त्यात गहू आणि डाळवं असतं, आणि ते आपण दूध-गुळात कालवून खातो. महाभारतातल्या मुंगसाच्या गोष्टीत, ज्याच्या कणांनी त्याचं अर्धं अंग सोन्याचं झालं, तो सत्तू जवाचा होता. मी आज बोलणार आहे ते फक्त भाजलेल्या हरभऱ्याच्या सत्तूबद्दल.

रुग्ण तपासताना एवढ्या वर्षांत माझं एक मत ठाम झालं आहे. लोक सत्तूला पेय समजतात, म्हणजे पाण्याच्या रांगेत बसवतात. पण सत्तू हे जेवण आहे. ते पातळ करून पितात एवढंच. निरोगी माणसाने हे विसरलं तर फारसं बिघडत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने विसरलं तर बिघडतं, आणि कसं बिघडतं ते मी एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगणार आहे.

आधी पीठ कसं होतं ते पाहू. हरभऱ्यावर पाणी शिंपडून तो मुरू देतात आणि मग तापलेल्या वाळूत थोडाच वेळ भाजतात. वाळूमुळे उष्णता दाण्याला सगळीकडून सारखी लागते, आतला ओलावा वाफ होऊन दाणा फुलतो आणि साल सुटतं. कच्च्या हरभऱ्यात प्रथिनं पचवणाऱ्या पाचकरसांना अडवणारे काही घटक असतात. भाजल्याने त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणूनच सत्तू तसाच पाण्यात घालून पिता येतो आणि बेसन पिता येत नाही. बेसन कच्च्या डाळीचं असतं. जिभेवर चिमूटभर ठेवलं की फरक कळतो. बेसनाला हिरवट कच्ची चव असते, तर सत्तूला फुटाण्याची खमंग चव आणि बेसनापेक्षा फिकट, किंचित मातकट रंग. जुना झाला की सत्तूला खवट वास येतो, आणि आपल्या दमट हवेत पीठ गुठळ्या धरतं, त्याला बुरशी येते. तसं पीठ उन्हात वाळवून वापरू नये, टाकूनच द्यावं. भाजूनही एक गोष्ट जात नाही. हरभऱ्यातल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन त्यांचा वायू होतो. सवय नसलेल्याने पहिल्याच दिवशी मोठा गिलास प्यायला तर दुपारभर पोट गुडगुडतं ते यामुळे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत 100 ग्रॅम भाजलेल्या हरभऱ्यात साडेबावीस ग्रॅम प्रथिनं, सुमारे 58 ग्रॅम पिष्टमय पदार्थ, पाच ग्रॅम स्निग्ध आणि 369 कॅलरी दिल्या आहेत. गाडीवाल्याची मूठ मी घरी काट्यावर मोजली. सढळ हाताची मूठ 50 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एका गिलासात सुमारे 11 ग्रॅम प्रथिनं आणि 180-185 कॅलरी. दोन लहान पोळ्या आणि वाटीभर वरण यांच्या जवळपास जाणारा हा हिशेब आहे. सहा-सात जणांच्या खोलीत चूल न पेटवता, भांडी न घासता एवढं पोटात जातं, तेही भर उन्हाळ्यात. मागावर काम करणाऱ्याला सत्तू का आवडतो याचं खरं उत्तर मला इथे दिसतं, 'तासीर थंड' असण्यात फारसं दिसत नाही.

आता उन्हाकडे येऊ. सत्तू शरीर थंड करतो का? करत नाही. शरीर थंड होतं ते घाम उडून गेल्यावर. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत आधीच ओलावा असतो, त्यामुळे घाम उडत नाही, नुसता गळतो. त्यात मागाच्या शेडवर पत्रा, यंत्रांची गरमी, आणि सूत तुटू नये म्हणून वाऱ्याचा झोतही नको असतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या पलीकडे नव्हता. पारा 38 आणि हवा दमट असली की माणसाची काय अवस्था होते हे तिथे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. अशा हवेत गिलासातलं काहीही तुम्हाला गार करत नाही. गिलास फक्त घामाने गेलेलं भरून काढतो, म्हणजे पाणी आणि मीठ.

आणि सत्तूच्या पिठात मीठ जवळपास नसतं. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. एक लिटर घामात, माणसागणिक बराच फरक असला तरी, साधारण ग्रॅमभर सोडियम जातं, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. हरभऱ्यात ते नगण्य आहे. गाडीवाला जी काळ्या मिठाची चिमूट टाकतो तीच हे काम करते, आणि काळं मीठही मुख्यतः सोडियम क्लोराईडच असतं. म्हणून उन्हासाठी प्यायचा सत्तू खारा असावा, गोड नको. पातळही असावा. दाट मिश्रण पोटातून सावकाश पुढे सरकतं, आणि ज्याला पाणी लवकर हवं आहे त्याचंही पाणी पिठाबरोबर पोटातच अडकून राहतं. 30 ग्रॅम पीठ आणि 350 मिलिलिटर पाणी हे निरोगी माणसासाठी बरं प्रमाण आहे. त्याशिवाय साधं पाणी वेगळं प्यायचंच. जड कामाच्या उकाड्यात दर 15-20 मिनिटांनी एक कपभर पाणी असा कामगार-आरोग्याचा नियम आहे. तेवढ्या वेळा सत्तू पिणं कुणालाच शक्य नाही, आणि त्यातच सत्तू पाण्याची जागा का घेऊ शकत नाही हे आलं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. माणूस गरगरतोय, असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय, अशा वेळी त्याच्या तोंडात सत्तू किंवा दुसरं काहीही ओतू नका. त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

आता तो रुग्ण. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, बाकी आजार आणि आकडे असेच. वय 48, वजन 60 किलो, गैबीनगरकडच्या एका कारखान्यात मागावर, 12 तासांची पाळी. मधुमेह आठ-नऊ वर्षांचा, रक्तदाब त्यानंतरचा. गोळ्या दोन, साखरेसाठी ग्लिमेपिराईड आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. एका दुपारी चारच्या सुमाराला मागासमोर त्याला घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सोबतच्यांनी ओळखलं की लू लागली, आणि चांगल्या मनाने त्याला सत्तूचा गिलास पाजला. दहा मिनिटांनी तो बरा तर झाला नाहीच, आणखी सुस्त झाला. त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा बोटाच्या रक्तात साखर 58 होती.

म्हणजे ती लू नव्हती, साखर उतरली होती. त्या दिवशी जेवायला वेळ मिळाला नाही म्हणून त्याने दुपारी भिस्सीचं जेवण सोडून फक्त सत्तू घेतला होता, गोळी मात्र नेहमीची. रोज डाळ, भात, चार रोट्या खाणाऱ्या माणसाच्या मापाने ती गोळी बसवलेली होती. सत्तूतली पिष्टं भाताच्या मानाने कमी, आणि ती रक्तात उतरतातही सावकाश. हरभऱ्याचा हा गुण एरवी मधुमेह्याच्या उपयोगाचा आहे. पण साखर 70 च्या खाली गेली की नेमका तोच गुण अंगावर येतो. त्या वेळी चटकन रक्तात मिसळणारी गोष्ट हवी असते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि मग वर काही खायला द्यायचं. हे 'मग' आल्यावर सत्तू चालेल. आधी चालणार नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काहीच द्यायचं नाही, थेट दवाखाना.

घाम, थरथर, गरगर या खुणा उन्हाच्या त्रासात आणि साखर उतरण्यात सारख्याच दिसतात. ज्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्याला असं झालं तर आधी बोटाची साखर पाहायची, आणि यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असंच धरून चालायचं. चुकून साखर जास्त असली तरी तीन चमच्यांनी जीव जात नाही.

त्याच माणसाची दुसरी बाजू पाहा. ज्या दिवशी तो नीट जेवायचा, त्या दिवशी जेवण पूर्ण आणि वर 'थंडावा' म्हणून दोन गिलास सत्तू. म्हणजे 100 ग्रॅम पीठ आणि 58 ग्रॅम जास्तीची पिष्टं. त्या दिवसांची जेवणानंतरची साखर 240 च्या आसपास. सत्तूने साखर वाढत नाही असं त्याला गाडीवर कुणीतरी सांगितलं होतं. चपातीपेक्षा सत्तूने साखर हळू चढते हे खरं, पण हळू चढलेलीही चढतेच. तुमच्या अंगात सत्तू कसा वागतो हे पाहायचं तर एके दिवशी नेहमीच्या जेवणातली एक चपाती काढून तेवढ्या जागी मोजून 30 ग्रॅम सत्तू घ्या आणि दोन तासांनी साखर पाहा. ती 180 च्या आत राहिली तर ते माप तुमचं. गुळाचा सत्तू किंवा दूध-गुळातलं आपलं सातूचं पीठ यांना हा हिशेब लागू पडत नाही. त्यात दोन चमचे गूळ आला की हरभऱ्याचा सावकाशपणा वाया गेला.

पण त्याच्या बाबतीत मला खरी काळजी वाटली ती पुढच्या तपासण्यांची. साखर उतरली की मी सहसा क्रिएटिनिन पाहतो, कारण मूत्रपिंड थकलेलं असेल तर ग्लिमेपिराईडसारखी गोळी शरीरात जास्त वेळ रेंगाळते. त्याचं क्रिएटिनिन 2.1 आलं. वयाच्या हिशेबाने मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता 38 च्या आसपास, म्हणजे साधारण चाळीस टक्क्यांच्या घरात. पोटॅशियम 5.8. ते साडेतीन ते पाच असावं. लगेच ईसीजी काढला. तो सुदैवाने ठीक होता. या माणसाला लघवीचा त्रास नव्हता, सूज नव्हती, काहीच नव्हतं. मूत्रपिंडाचा आजार बराच काळ असाच गप्प असतो.

इथे सत्तूचा हिशेब पुन्हा मांडू. हरभऱ्यात 100 ग्रॅमला 800 ते 900 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. डाळीतही असतं, पण मूत्रपिंडाच्या रुग्णाला आम्ही सांगतो की डाळ-भाजी भिजवून किंवा उकडून ते पाणी फेकून द्या, म्हणजे पोटॅशियमचा काही भाग त्याबरोबर जातो. सत्तूत फेकायला पाणीच नाही. तो कोरडा भाजलेला, अख्खा दळलेला, आणि ज्या पाण्यात कालवला ते पाणीही पिऊनच टाकायचं. हरभऱ्यात जे होतं ते सगळं पोटात. शहाळं, कैरीचं पन्हं, लिंबू यांच्या यादीत सत्तू 'नैसर्गिक' म्हणून निर्धास्तपणे घेतला जातो, पण पोटॅशियम साठणाऱ्या माणसाला शहाळं आणि सत्तू दोन्ही मोजूनच घ्यावे लागतात. त्याहून मोठा धोका बाजारातल्या 'कमी सोडियम'च्या मिठाचा. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. रक्तदाबासाठी म्हणून घरी आणलेलं हे मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णाने सत्तूत घातलं, तर त्याने पोटॅशियमची दोन्ही दारं उघडली.

प्रथिनांचंही तसंच. डायलिसिसवर नसलेल्या, मूत्रपिंडं कमजोर झालेल्या माणसाला दिवसाला वजनाच्या किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिनं पुरतात. याचं वजन 60, म्हणजे 48 ग्रॅम. भिस्सीतल्या डाळ-रोटी-भातातून तेवढी त्याला मिळतच होती. त्यावर दोन गिलासांचे 22 ग्रॅम. आणि मिठाचा वाटा निराळा. प्रत्येक गिलासात दोन ग्रॅम काळं मीठ धरलं तरी चार ग्रॅम झालं. दिवसाची मर्यादाच पाच ग्रॅमच्या आसपास आहे. घाम गाळणाऱ्याला मीठ लागतं आणि रक्तदाबाच्या मूत्रपिंड-रुग्णाला ते कमी करावं लागतं. हा माणूस एकाच वेळी दोन्ही होता. अशा वेळी छापील तक्ता कामाचा नसतो. त्याचा रक्तदाब, पायांची सूज आणि रोजचं वजन पाहून ठरवावं लागतं.

तरीही सगळा दोष सत्तूवर टाकला तर तो अन्याय होईल. विचारताना कळलं की अंगदुखीसाठी तो जवळजवळ रोज औषधाच्या दुकानातून एक लाल गोळी घेत होता. वेदनाशामक. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, वेदनाशामक मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं आणि पोटॅशियम वाढवतं, आणि उकाड्यात पाणी कमी पडलं की ही जोडी जास्तच घातक होते. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये मधुमेह नसतानाही मूत्रपिंडं निकामी होताना दिसली, आंध्रातल्या उद्दानम भागातही तसा आजार आहे. त्याची सगळी कारणं उलगडलेली नाहीत, पण उष्णतेत वारंवार कोरडं पडणं हे त्यातलं एक असल्याचा संशय भक्कम आहे. मागाच्या शेडमध्ये 12 तास उभ्या असलेल्या माणसाला मी पाणी कमी प्या असं कधीच सांगणार नाही.

मग काय केलं? वेदनाशामक बंद. ग्लिमेपिराईड काढून दुसरी गोळी दिली. सत्तू कायमचा बंद केला नाही. बंद सांगितला असता तर त्याने माझं ऐकलं नसतं आणि मला सांगितलंही नसतं. पोटॅशियम उतरेपर्यंत दहा दिवस थांबवला. मग सपाट भरलेले दोन चमचे, म्हणजे 25 ग्रॅमच्या आत, दिवसातून एकदा, तोही जेवणाबरोबर आणि त्या जेवणातली डाळ निम्मी करून. मीठ चिमूटभर, साधं. पाणी मात्र वेगळं, बाटली मागाशेजारी ठेवून. थांबवलेल्या त्या दहा दिवसांनंतर पोटॅशियम 4.9 आलं होतं. यात सत्तूचा वाटा किती आणि त्या लाल गोळीचा किती हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. माझा अंदाज विचाराल तर गोळीचा जास्त.

मूत्रपिंडाच्या सगळ्या रुग्णांना एकच सल्ला देता येत नाही हे यावरून लक्षात येईल. आजार सुरुवातीचा असेल आणि पोटॅशियम ठीक असेल, तर मांसाऐवजी हरभऱ्यातून आलेली प्रथिनं उलट बरी. हरभऱ्यातला फॉस्फरसही निम्म्याहून कमी शोषला जातो. कोला आणि डबाबंद पदार्थांत घातलेला मात्र जवळजवळ सगळा. डायलिसिसवर असलेल्याची गोष्ट पुन्हा निराळी. त्याची प्रथिनं डायलिसिसमध्ये निघून जातात, म्हणून त्याला किलोमागे एक ते 1.2 ग्रॅम लागतात, पण त्याचं पाणी मोजलेलं असतं. ज्याला दिवसाची लघवी आणि वर अर्धा लिटर एवढीच मुभा आहे, त्याच्या त्या अर्ध्या लिटरातलं अर्ध्याहून जास्त पाणी 350 मिलिलिटरच्या एका गिलासातच संपतं. त्याने सत्तू खायचाच तर पाण्यातून घेऊ नये. थोडा पिठात भरून, लिट्टीसारखा खावा, आणि तोही आपल्या आहारतज्ज्ञाला पोटॅशियमचा ताजा आकडा दाखवून.

व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की रोज्यात सेहरीला सत्तू घेतला तर चालेल का. निरोगी माणसाला उत्तम, कारण तो सावकाश उतरतो, दुपारपर्यंत टिकतो. फक्त मीठ बेताने, नाहीतर तहान लवकर लागते. मधुमेहाची गोळी चालू असेल तर रोजे सुरू होण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा बदलून घ्याव्यात. तो निर्णय सत्तूच्या जोरावर घेऊ नये.

दुसरा प्रश्न गाडीवरच्या बर्फाचा होता. अन्न व औषध प्रशासनाने खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा करण्याचा नियम केला आहे, तेव्हा लादीत निळसर छटा दिसली तर तो गिलास परत करा. पण पांढरा बर्फ शुद्ध पाण्याचाच असतो असं नाही. उन्हाळ्यात कावीळ आणि जुलाबाचे रुग्ण वाढतात ते दूषित पाण्यामुळे, आणि जुलाब लागलेल्या मधुमेही, मूत्रपिंड-रुग्णाचं क्रिएटिनिन दोन दिवसांत वर जातं. मी स्वतः पीठ घरी ठेवतो, लिंबू-मीठ घालून उकळून गार केलेल्या पाण्यात करतो, आणि केल्यावर लगेच पितो. कालवलेला सत्तू उकाड्यात दोन-तीन तासांत आंबू लागतो, म्हणून सकाळचा गिलास दुपारसाठी झाकून ठेवू नका.